साडी बाराशेचीच होती

गाडीचा फास्टॅग बायकोच्या मोबाइल नंबरवर नोंदवलेला असला, की खालापूर टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज तिला येतो. त्याच वेळी नवऱ्याने आपण ठाण्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये आहोत असं सांगितलेलं असेल, तर त्या रात्री जेवणाच्या टेबलावर काय होतं याचा अंदाज कुणालाही करता येईल. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो लोणावळ्याला कुणा जुन्या मित्राबरोबर भजी खायलाच गेलेला असतो. सांगितलं असतं तर फार तर ‘मला नाही नेलंस’ एवढं ऐकावं लागलं असतं. तरीही त्याने सांगितलं नाही, आणि आता त्या भज्यांची साफसफाई आठवडाभर चालते.

अशी किरकोळ खोटी पूर्वीही होती. फरक एवढाच, की तेव्हा ती पकडायला कुणीतरी शेजारी किंवा नातेवाईक मध्ये यावा लागायचा. आता यूपीआयचा इतिहास, बँकेचा मेसेज, खाण्याच्या ॲपवरची जुनी ऑर्डर हे सगळं एका फोनवर पडलेलं असतं. खोटं बोलण्याचं प्रमाण वाढलं की नाही ते सांगता येत नाही, पण पुरावे भरपूर वाढले आहेत. बाराशेची म्हणून घरात आलेल्या साडीचं २,८०० रुपयांचं बिल आता पाकिटात नसतं, ते ई-मेलमध्ये कायमचं राहतं.

साडी आणि भजी बाजूला ठेवून आधी एक गोष्ट मान्य करू. खोटं आपण सगळेच बोलतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर आपल्या खोट्या बोलण्याची रोजनिशी ठेवायला सांगितलं होतं. कॉलेजातली मुलं दिवसाला सरासरी दोनदा आणि इतर लोक एकदा खोटं बोलल्याची नोंद निघाली. जवळच्या माणसांशी हे प्रमाण तुलनेने कमी होतं. मात्र पुढच्या अभ्यासात आयुष्यातल्या सर्वांत गंभीर खोट्याबद्दल विचारलं, तेव्हा ते बरेचदा जवळच्याच माणसाशी बोललेलं निघालं. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत आणि लोकांनी स्वतःच लिहिलेल्या नोंदींवर उभे आहेत, म्हणून आकड्यांना फार चिकटून बसू नये. पण रोजचं खोटं परक्यांत अधिक आणि जड खोटं घरात, ही विभागणी आपल्याकडेही ओळखीची वाटावी.

मग सगळंच खोटं मोजायचं का? ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ हे वाक्य बोलणारा अजून टॉवेलवर असतो हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो मनातल्या मनात वीस मिनिटं मिळवून मोकळा होतो. इथे कुणी फसत नाही. ‘भाजी छान झालीय’ याचंही तेच. लक्ष द्यायला हवं ते अशा खोट्याकडे, ज्याच्या भरवशावर दुसरा माणूस काही ठरवतो. ‘आज उशीर होईल, मीटिंग आहे’ हे ऐकून बायको स्वतःचा क्लास रद्द करून मुलाला शाळेतून आणायला जाते. ‘पगारातून कपात वाढलीय’ हे ऐकून ती महिन्याची भिशी बंद करते. खोटं छोटं असेलही, पण त्यावर तिने घेतलेला निर्णय खरा असतो.

हे कसं घडत जातं ते एका जोडप्याच्या उदाहरणाने पाहू. जोडपं उदाहरणासाठी बेतलेलं आहे, आकडेमोड मात्र नेहमीच्या व्यवहारातली आहे. तो पुण्यात एका कंपनीत, पगार हातात ६२,००० रुपये. ती शाळेत, तिला ४३,०००. दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाच्या कोर्सची ४०,००० रुपये फी भरायची वेळ आली. त्याआधीच्या वर्षी गावच्या घराच्या दुरुस्तीला पैसे गेले होते आणि त्यावरून घरात तोंडातोंडी झाली होती. पुन्हा तो विषय नको म्हणून त्याने फी क्रेडिट कार्डावर भरली आणि कुणाला सांगितलं नाही. दिवाळीच्या बोनसमध्ये फेडून टाकू, असा बेत होता. बोनस निम्माच आला.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ अशी एक ओळ असते. ती भरली की दंड लागत नाही, आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. त्याच्या ४०,००० वर पाच टक्क्यांनी ही रक्कम २,००० येत होती. पण थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,४००, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. दोन हजार भरून मूळ देण्यातले जेमतेम साडेतीनशे फिटत होते. शिवाय मागची बाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पेट्रोल भरलं की त्या दिवसापासून व्याज सुरू. खात्यात पैसे कमी म्हणून पेट्रोल, किराणा कार्डावर, आणि कार्डावर बाकी जास्त म्हणून खात्यात पैसे कमी. त्यात दुसरं कार्ड आलं. सव्वा वर्षात देणं दीड लाखाच्या घरात गेलं, तेव्हा त्याने १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं दीड लाखाचं वैयक्तिक कर्ज काढून कार्डं मोकळी केली. महिन्याला सुमारे ५,१०० चा हप्ता सुरू झाला.

या हप्त्याची जागा घरखर्चात कुठेतरी दाखवायला हवी होती. म्हणून एका महिन्यात बाइकची सर्व्हिसिंग ४,००० ची झाली, दुसऱ्या महिन्यात ऑफिसातल्या लग्नाचा अहेर मोठा द्यावा लागला, आणि मग ‘पीएफची कपात वाढवलीय’ हे कायमचं वाक्य तयार झालं. यातलं एकही खोटं तिला इजा करायला बोललेलं नव्हतं. प्रत्येक खोटं आधीच्या खोट्याला टेकू द्यायला आलं होतं. तिने विचारलं असतं, की पीएफ वाढलाय तर पासबुक दाखव, तर चौथं लागलं असतं. तिने विचारलं नाही. नवऱ्याने पगाराबद्दल सांगितलेलं वाक्य कोण तपासतं?

ती भोळी होती असं नाही. जगातल्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ साली घेतला गेला, तेव्हा समोरचा खरं बोलतोय की खोटं हे ओळखण्यात माणसं शंभरातून सुमारे ५४ वेळा बरोबर ठरतात असं दिसलं. म्हणजे नाणं उडवलं तरी जवळपास तेच. आणि जवळीक वाढली की हे कौशल्य वाढतं अशी आपली समजूत असली, तरी तसं होताना दिसत नाही. वाढतो तो आत्मविश्वास. ‘त्याच्या डोळ्यांतच कळतं मला’ असं म्हणणारी माणसं जोडीदाराचं म्हणणं आधी खरं धरून चालतात आणि मग ते पडताळतात, किंवा पडताळतच नाहीत. हा दोष मानायचं कारण नाही. रोज रात्री एकमेकांची उलटतपासणी करून संसार होत नाही. एकमेकांचं खरं धरून चालण्याने घरातली किती कामं वाचतात, ते ती सोय गेल्यावर समजतं.

या जोडप्याची ती सोय गेली गृहकर्जाच्या वेळी. दोघांच्या नावावर अर्ज करायचा तर बँक दोघांचे क्रेडिट रिपोर्ट मागवते, आणि त्यात चालू असलेलं प्रत्येक कर्ज दिसतं. हे लक्षात आल्यावर अर्जाच्या आदल्या दिवशी त्याने सांगून टाकलं, की कार्डाचं थोडं देणं आहे, चाळीसेक हजार. ती चिडली, पण रात्रीतून निवळली. भावाच्या फीचंच होतं, चोरीचं नव्हतं. चार दिवसांनी बँकेतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, की सरांचं एक पर्सनल लोन चालू दिसतंय, बाकी १,२२,०००, ते बंद करणार आहात का? कारण हप्ते पगाराच्या साधारण निम्म्यात बसवायचे असा त्या बँकेचा हिशेब होता. दोघांच्या १,०५,००० वर ५२,५०० चा हप्ता चालला असता. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एका लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे सुमारे साठ लाखांचं कर्ज बसत होतं. आधीचा ५,१०० चा हप्ता वजा केल्यावर ते साडेचोपन्न लाखांवर आलं. सव्वा लाखाच्या बाकीने घराचे जवळपास सहा लाख कमी केले.

आता तिचा राग कशावर असेल? बाहेरून बघणारा म्हणेल सहा लाखांवर. पण सहा लाखांना उपाय निघतो. सोनं तारण ठेवून ते कर्ज फेडता येतं, लहान फ्लॅट घेता येतो. तिला झोप येईना ती चार दिवसांपूर्वी ऐकलेल्या ‘चाळीसेक हजार’ या शब्दांमुळे. ज्या क्षणी तो खरं सांगतोय असं वाटून तिने माफ केलं, त्याही क्षणी तो खोटंच बोलत होता. आता त्याच्या कबुलीलाही किंमत उरली नाही. मग ती मागे जायला लागते. सर्व्हिसिंग खरी होती का? तो अहेर कुणाचा? आणि पीएफ कार्यालयात जायचंय म्हणून गेलास तो मंगळवार, त्या दिवशी नक्की कुठे होतास? तो मंगळवार बहुधा खराच होता. पण ते सिद्ध करण्याचं साधन आता त्याच्याकडे नाही.

समुपदेशकांसमोर येणाऱ्या जोडप्यांत हा प्रकार वारंवार दिसतो. खोटं उघड झाल्यावर सगळं एकदम सांगण्याऐवजी, समोरच्याला जेवढं कळलंय तेवढंच कबूल करायचं. पुढचा पुरावा आला की पुढचं. सांगणाऱ्याला वाटतं आपण धक्का हप्त्यांनी देतोय, म्हणजे तो सोसवेल. ऐकणाऱ्याच्या बाजूने दर वेळी नवीन फसवणूक होते. माझ्या मते मूळ चाळीस हजारांपेक्षा ही दुसरी चूक कितीतरी मोठी आहे, आणि ती टाळणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं.

छोटं खोटं वाढत का जातं, याचा एक धागा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१६ सालच्या प्रयोगात सापडतो. त्यात लोकांना बरणीतल्या नाण्यांच्या रकमेचा अंदाज जोडीदार खेळाडूला सांगायचा होता, आणि काही फेऱ्यांत चुकीचा अंदाज सांगितला तर स्वतःचा फायदा होता. अशा स्वार्थी खोट्याचा आकडा फेरीगणिक वाढत गेला, आणि मेंदूच्या भावनांशी संबंधित भागातली प्रतिक्रिया कमी कमी होत गेली. अनोळखी लोकांच्या खेळावरून संसाराचा निष्कर्ष काढताना जपायलाच हवं. तरी पहिल्यांदा ‘पीएफ’ म्हणताना आवंढा गिळणारा माणूस सहाव्या महिन्यात ते टीव्ही बघत बघत म्हणतो, हे पटायला प्रयोगशाळेची गरज नाही.

इथवर वाचून नवऱ्याला झोडपायची घाई झाली असेल, तर थोडं थांबावं लागेल. त्याने लपवलं ते का, याचं उत्तर आधीच्या वर्षीच्या भांडणात होतं. त्या घरात ‘माझ्या माणसांना पैसे द्यायचेत’ हे वाक्य महाग पडत होतं. २०२० साली अमेरिकी संशोधकांनी जोडीदारांतल्या आर्थिक लपवाछपवीची व्याख्या करताना दोन गोष्टी एकत्र धरल्या. एक, जोडीदाराला आवडणार नाही असा खर्च किंवा व्यवहार. दुसरी, तो मुद्दाम न सांगणं. या व्याख्येत ‘आवडणार नाही’ हा भाग जोडीदाराकडचा आहे. तो रास्त आहे की जाच, हे प्रत्येक घरात वेगळं तपासावं लागतं.

बायकांनी डाळ-तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि पुढच्या काही दिवसांत लाखो घरांतले हे डबे नवऱ्यांसमोर उघडावे लागले. घरातल्या खर्चातून वाचवलेले, माहेरून मिळालेले, शिवणकामातून आलेले. अडीच लाखांपर्यंतच्या अशा ठेवींची चौकशी होणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. त्या वेळी यावर विनोद भरपूर झाले. पण ज्या बाईला दवाखान्याच्या पन्नास रुपयांसाठी हात पसरावा लागतो, तिचा डबा आणि आपल्या नवऱ्याचं कार्डावरचं देणं एकाच मापाने मोजणं अन्याय आहे. पैसे अडवून ठेवणं, तिच्या कमाईवर कबजा करणं, याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ म्हटलेलं आहे. तिथे लपवणं ही स्वतःला वाचवण्याची तजवीज असते. अशा बाईला पारदर्शकतेचे धडे देऊ नयेत. तिला १८१ ही महिला हेल्पलाइन माहीत असणं जास्त उपयोगाचं.

या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक घरं येतात. तिथे लपवण्यामागे भीती आहे, कटकट टाळणं आहे की काही चालू ठेवायचं आहे, हे ओळखायला एक प्रश्न बऱ्यापैकी कामाला येतो. खरं सांगूनही घरात काही बिघडत नाही हे एक-दोनदा दिसल्यावर लपवणं कमी झालं का? साडीची खरी किंमत ऐकून नवरा भुवयाही न उंचावता ‘रंग छान आहे’ म्हणाला, आणि पुढची साडी खऱ्या किमतीनेच घरात आली, तर ते खोटं सवयीचं होतं. माहेरच्या घरात आईनेही किंमत निम्मीच सांगितलेली असते, ती रीत लग्नाबरोबर येते. पण घर शांत असूनही रक्कम वाढत असेल, फोनवरचे बँकेचे मेसेज बंद केलेले असतील, नवीन वॉलेट, नवीन कार्ड, रोख काढण्याचं प्रमाण वाढलं असेल, विचारल्यावर उत्तर येण्याआधी चिडचिड येत असेल, तर मागे कर्ज, जुगार, व्यसन किंवा दुसरं नातं असण्याची शक्यता धरावी. जुगाराची ओढ असलेला माणूस मनापासून शपथ घेतो आणि मनापासून मोडतो. त्याला घरच्या समजुतीबरोबर उपचार लागतात. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

संशय आला की हात फोनकडे जातो. लाइव्ह लोकेशन सुरू ठेव, पासवर्ड दे, रोज स्टेटमेंट दाखव. पहिले काही आठवडे याने बरं वाटतं. नंतर पाहणारा पाहत राहतो आणि लपवणारा लपवायला अधिक चांगलं शिकतो, फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून बाहेर पडणं अवघड नसतं. त्याहून मोठी अडचण अशी, की पाळतीतून सिद्ध झालेला खरेपणा जमेला धरता येत नाही. तो खरं बोलला की पकडले जाऊ म्हणून बोलला, हे कळायला मार्ग राहत नाही. न विचारता सांगितलेली माहिती मात्र जमा होते. ‘आज मित्राकडे बसलो होतो, एक तास उशीर केला, तुला सांगायला हवं होतं’ हे वाक्य पुरावा हातात नसताना ऐकायला मिळालं, की भरवसा इंचभर सरकतो. याला महिने लागतात, आणि ज्याच्याशी खोटं बोललं गेलं त्याला त्यात घाई करायला सांगण्याचा हक्क दुसऱ्याला नाही.

त्या जोडप्याकडे परत गेलो तर करण्यासारखं होतं ते फार अवघड नव्हतं. अर्जाच्या आदल्या रात्री त्याने दोन्ही कार्डांची जुनी स्टेटमेंट, कर्जाचा करार आणि पीएफच्या खोट्यासकट सगळं एका बैठकीत समोर ठेवायला हवं होतं. तिला प्रश्न विचारायला दोन-चार दिवस द्यायला हवे होते. आणि तिनेही, राग ओसरल्यावर कधीतरी, दोन्हीकडच्या आईबापांना आणि भावंडांना वर्षाला किती द्यायचे याचा आकडा ठरवायला बसायला हवं होतं. तो आकडा ठरला असता तर पहिली फीसुद्धा उघडपणे भरली गेली असती. त्याबरोबर दोघांनाही दर महिन्याला ठरावीक रक्कम अशी असावी, जिचा हिशेब दुसऱ्याने मागायचा नाही. दोन हजार असो की पाच. साडी, भजी, कबूतरांचे दाणे, काहीही. आपल्या तासाचंही तसंच. ऑफिस सुटल्यावर टपरीवर एकटं बसायला कुणाला आवडत असेल, तर तो तास मागून घ्यावा आणि दुसऱ्याने ‘कशाला?’ न विचारता द्यावा. माणूस लग्नानंतरही थोडा एकटा असतो, हे मान्य असलेल्या घरात मीटिंगा कमी होतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. गृहकर्जाची वाट न बघता या वर्षी दोघांनी आपापला काढावा आणि शेजारी बसून वाचावा. त्यात काही निघणार असेल, तर सगळं, शेवटच्या रुपयापर्यंत, रिपोर्ट उघडण्याच्या आधी सांगा.